पाठ टाचण तपासायचं कसं? पाचवीच्या अपूर्णांकांचा एक पाठ तपासून पाहू

छात्राध्यापकांच्या वह्यांचा गठ्ठा समोर आला की मार्गदर्शक सहसा वरून खाली वाचत जातात. उद्दिष्टे लिहिली आहेत, बरोबरची खूण. प्रस्तावनेचे प्रश्न आहेत, खूण. साधने, फलक लेखन, संकलन, गृहपाठ, सगळीकडे खूण. शेवटी तारीख घालून सही. अशा तपासणीत रकाने भरलेत की नाही एवढंच कळतं. पाठातून मुलं काय शिकतील आणि ते शिकली की नाही हे शिक्षिकेला कसं कळेल, याचा पत्ता लागत नाही. टाचणातल्या बहुतेक गंभीर चुका कुठल्याही एका रकान्यात नसतात. दोन रकान्यांच्या मध्ये असतात. उद्दिष्ट एक सांगतं, कृती दुसरंच करवून घेते आणि मूल्यमापन तिसरंच विचारतं. तिन्ही आपापल्या जागी ठीक दिसतात, म्हणून खुणा मिळत जातात.

म्हणून टाचण आडवं वाचायचं. आधी उद्दिष्ट, लगेच शेवटचं पान उलटून मूल्यमापन, मग मधल्या कृती आणि सगळ्यात शेवटी वेळ. हा क्रम का, ते एका नमुन्यावर पाहू. पाठ पाचवीच्या गणिताचा आहे, घटक ‘अपूर्णांकांचा लहानमोठेपणा’. तासिका ३५ मिनिटांची, पट ४२. टाचण नमुन्यादाखल रचलेलं आहे, पण त्यातल्या चुका कोणत्याही अध्यापक विद्यालयातल्या वह्यांत सापडतील अशाच आहेत.

टाचणात काय लिहिलं आहे

उद्दिष्टांच्या रकान्यात चार ओळी आहेत:

१. विद्यार्थ्यांना अपूर्णांकांची माहिती देणे.
२. विद्यार्थी अपूर्णांकांचा लहानमोठेपणा समजून घेतील.
३. विद्यार्थी भिन्नछेद अपूर्णांकांची तुलना करतात.
४. विद्यार्थ्यांमध्ये गणिताविषयी आवड निर्माण होईल.

कृती अशा: प्रस्तावनेत पोळीचे चार भाग, आठ भाग असे प्रश्न. हेतुकथन. मग सहा-सहा मुलांचे सात गट, प्रत्येक गटाला कागदाच्या पट्ट्या, घड्या घालून २/३ आणि ३/४ यांची तुलना. प्रत्येक गटाचं सादरीकरण. त्यानंतर फळ्यावर स्पष्टीकरण: ‘ज्याचा छेद मोठा तो अपूर्णांक लहान’ हा नियम आणि समच्छेद करून दोन उदाहरणं. वेळ: प्रस्तावना ५ मिनिटे, हेतुकथन १, विषय विवेचन २०, संकलन ५, मूल्यमापन व गृहपाठ ४. बेरीज बरोबर ३५.

मूल्यमापनात चार प्रश्न: अंश म्हणजे काय? छेद म्हणजे काय? २/७ आणि ५/७ यांपैकी मोठा कोणता? १/५ आणि १/९ यांपैकी लहान कोणता? गृहपाठ: ३/५ आणि ४/७ यांची तुलना करा.

वरवर पाहिलं तर टाचण नेटकं आहे. गटकार्य आहे, साधन आहे, वेळेची बेरीज जुळते. खुणा करत गेलं तर वीसपैकी चौदा-पंधरा गुण सहज पडतील.

उद्दिष्ट: पुरावा दिसेल असं वाक्य हवं

पहिली ओळ उद्दिष्टच नाही. माहिती देणं हे शिक्षिकेचं काम झालं. वर्गात एकाही मुलाच्या डोक्यात काही शिरलं नाही तरी ‘माहिती दिली’ हे खरंच राहतं. अशा ओळीची ओळख सोपी आहे: वाक्याचा कर्ता शिक्षक निघतो, उघड किंवा दडलेला. ‘देणे’, ‘करून देणे’, ‘विकसित करणे’ अशी क्रियापदं दिसली की थांबायचं.

दुसऱ्या ओळीचा कर्ता विद्यार्थी आहे, पण ‘समजून घेतील’ हे दिसत नाही. आपल्याकडच्या टाचणाच्या पद्धतीत ही सोय आधीपासून आहे: ज्ञान, आकलन, उपयोजन, कौशल्य हे उद्दिष्ट आणि त्याखाली स्पष्टीकरण. आकलन हे उद्दिष्ट चालतं, मात्र त्याखालच्या स्पष्टीकरणात मूल काय करताना दिसेल ते यायला हवं: तुलना करतो, वर्गीकरण करतो, चूक शोधतो, कारण सांगतो. ब्लूम यांची १९५६ची वर्गवारी आणि तिची २००१ची सुधारित मांडणी अध्यापक विद्यालयात पाठ करून घेतली जाते, पण टाचण लिहिताना तिचा उपयोग पातळ्यांची नावं रकान्यात बसवण्यापुरताच होतो. तपासणाऱ्याने पातळीचं नाव बाजूला ठेवून क्रियापद बघावं.

तिसरी ओळ कामाची आहे, फक्त तिला हद्द नाही. भिन्नछेद अपूर्णांक म्हणजे कोणते? १/२ आणि १/४ हेही भिन्नछेद आणि ३/५ आणि ४/७ हेही. पहिल्या जोडीत एक छेद दुसऱ्याच्या पटीत आहे, एकाच अपूर्णांकाचं रूप बदलून भागतं. दुसरीत दोन्ही बदलावे लागतात आणि छेद थेट ३५ वर जातो. पाचवीच्या मुलासाठी या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत आणि एका तासिकेत पहिली नीट झाली तरी पुष्कळ. रॉबर्ट मेगर यांनी १९६०च्या दशकात उद्दिष्टाचे तीन भाग सांगितले होते: मूल काय करेल, कोणत्या परिस्थितीत करेल आणि कितपत चांगलं करेल. तिन्ही भाग दरवेळी कोरून लिहायचा हट्ट नको, पण मधला भाग बहुतेक टाचणांत गायब असतो आणि नेमकी तिथेच गडबड होते.

चौथी ओळ खोडायची. आवड ३५ मिनिटांत निर्माण होईल की नाही हा वाद बाजूला ठेवला तरी या पाठात ती तपासायची कुठलीच सोय नाही. प्रत्येक टाचणाला ही ओळ शेपटासारखी लागलेली असते, कारण भावात्मक उद्दिष्ट लिहिलंच पाहिजे असा समज असतो.

आणखी एक नवा प्रकार हल्ली दिसतो. बालभारतीच्या पुस्तकात सुरुवातीला दिलेल्या अध्ययन निष्पत्ती सांकेतिक क्रमांकासह जशाच्या तशा उद्दिष्टांत उतरवायच्या. अध्ययन निष्पत्ती वर्षभरात गाठायची असते. तिचा क्रमांक टाचणात असावा, पण त्याखाली आजच्या तासिकेचा तुकडा कोणता हे लिहिलेलं नसेल तर उद्दिष्ट लिहिलेलंच नाही असं धरावं.

या टाचणातल्या चार ओळींच्या जागी एकच पुरते: ‘एक छेद दुसऱ्याच्या पटीत असलेले दोन अपूर्णांक (छेद १२ पर्यंत) दिल्यास विद्यार्थी समच्छेद करून मोठा अपूर्णांक ओळखतो आणि कारण एका वाक्यात लिहितो.’ उद्दिष्टं कमी झाली म्हणून गुण कमी करू नयेत. तासिकेला एक किंवा दोन पुरतात.

आता थेट शेवटचं पान

मूल्यमापनातला प्रत्येक प्रश्न घ्यायचा आणि विचारायचं, हा कोणत्या उद्दिष्टाचा पुरावा आहे? पहिले दोन प्रश्न व्याख्येचे, म्हणजे मागच्या इयत्तेचं स्मरण. तिसऱ्यात छेद समान आहेत, चौथ्यात अंश समान. भिन्नछेद, भिन्नअंश अशी एकही जोडी नाही. म्हणजे पाठाचं मुख्य उद्दिष्ट मूल्यमापनात कुठेच नाही. आणि गृहपाठात मात्र ३/५ आणि ४/७. वर्गात जे तपासलं नाही त्याच्याही वरची पायरी घरी पाठवली. उत्तर २१/३५ आणि २०/३५ असं निघतं. चित्र काढून हा फरक दिसणारही नाही. घरी कुणीतरी तिरकस गुणाकार शिकवेल, मूल उत्तर लिहून आणेल आणि वहीत बरोबरची खूण मिळेल.

मूल्यमापन आणि उद्दिष्ट यांचा मेळ बसत नाही तेव्हा त्याचं कारण बहुधा असं असतं: छात्राध्यापकाला निरीक्षणाच्या दिवशी मुलांनी पटापट उत्तरं द्यायला हवी असतात. सोपे प्रश्न लिहिले की हात वर येतात आणि मागे बसलेल्या निरीक्षकाला वर्ग सजीव वाटतो. ही भीती समजण्यासारखी आहे, पण तपासणाऱ्याने तिला पाठीशी घालू नये.

विषयाचा मेळ बसला तरी एक बारीक गोष्ट राहते: चुकीच्या विचारानेही बरोबर उत्तर येईल असा प्रश्न. अपूर्णांकांच्या तुलनेत मुलांचे तीन चुकीचे विचार ठरलेले असतात. काही मुलं पूर्ण संख्यांसारखं बघतात, मोठे आकडे म्हणजे मोठा अपूर्णांक. काहींनी ‘छेद मोठा तर अपूर्णांक लहान’ एवढंच धरून ठेवलेलं असतं, अंश बघतच नाहीत. काही मुलं छेदातून अंश वजा करतात आणि ज्याचा फरक कमी तो मोठा असं ठरवतात. हा तिसरा विचार पुष्कळ जोड्यांत बरोबर उत्तर देतो, म्हणून तो वर्षानुवर्षं लपून राहतो.

समजा टाचणात १/३ आणि ५/६ ही जोडी विचारली. मोठा ५/६. आकडे बघणारं मूलही ५/६ म्हणेल. फरक बघणारंही तेच म्हणेल, कारण २ पेक्षा १ कमी. दोघांनाही बरोबरची खूण मिळेल आणि दोघांनाही समच्छेद करता येत नसेल. याउलट २/३ आणि ७/१२ घ्या. २/३ म्हणजे ८/१२, म्हणून तो मोठा. आकडे बघणारं मूल इथे ७/१२ म्हणेल आणि सापडेल. आता ३/५ आणि ७/१० घ्या. ३/५ म्हणजे ६/१०, म्हणून ७/१० मोठा. इथे फक्त छेद बघणारं मूल ३/५ म्हणेल. फरक बघणारंही ३/५ च म्हणेल, कारण ३ पेक्षा २ कमी. दोन जोड्या एकत्र विचारल्या की तिन्ही चुकीचे विचार उघडे पडतात. एकेक जोडी सुटी विचारली तर पडत नाहीत.

छात्राध्यापिकेने असे प्रश्न स्वतःहून लिहावेत अशी पहिल्या सराव पाठात अपेक्षा नाही. तपासणाऱ्याने मात्र हे बघायचंच. युक्ती सोपी आहे: तिच्या सगळ्या प्रश्नांची उत्तरं आधी मुद्दाम एकेका चुकीच्या विचाराने काढून पाहायची. एकाच चुकीच्या विचाराने सगळी बरोबर आली तर प्रश्न निकामी. शिवाय दोनच पर्याय असले की अंदाजानेही निम्म्या वेळा उत्तर बरोबर येतं, म्हणून ‘कारण लिही’ ही ओळ हवीच.

पुरावा कुणाकडून येणार हेही टाचणातच दिसतं. ‘शिक्षिका प्रश्न विचारतात, विद्यार्थी उत्तरे देतात’ असं लिहिलं असेल तर ४२ पैकी कोण? तोंडी चार प्रश्नांना जास्तीत जास्त चार मुलं उत्तर देतील आणि ती बहुतेक पहिल्या दोन बाकांवरची असतील. वहीचं पाव पान, त्यावर दोन जोड्या आणि एक कारण, ही साधी चिठ्ठी बेचाळीस जणांचा पुरावा देते. तासिका संपल्यावर तिचे गठ्ठे करता येतात: दोन्ही बरोबर आणि कारण आहे, दोन्ही बरोबर पण कारण नाही, पहिली चुकली, दुसरी चुकली, दोन्ही चुकल्या. पुढच्या तासिकेला काय करायचं ते या गठ्ठ्यांवरून ठरतं. ‘समजलं का?’ या प्रश्नाला मूल्यमापन धरू नये. त्याला सगळा वर्ग सुरात ‘हो’ म्हणतो.

मधल्या कृती: मुलं नक्की काय करतात?

कृतींचा रकाना वाचताना आधी उजवीकडची बाजू, म्हणजे विद्यार्थी कृती, सलग वाचावी. ‘विद्यार्थी लक्षपूर्वक ऐकतात’, ‘विद्यार्थी निरीक्षण करतात’, ‘विद्यार्थी वहीत लिहून घेतात’ अशा ओळी मोजाव्यात. उद्दिष्टात ‘समच्छेद करून ओळखतो’ असेल तर समच्छेद करण्याचं काम प्रत्येक मुलाने निदान दोन-तीन वेळा केलेलं दिसायला हवं. या टाचणात समच्छेद करणं फक्त फळ्यावर होतं आणि ते शिक्षिका करते. मुलं घड्या घालतात, ज्याची उद्दिष्टाला मदत होईल, पण घडीवरून समच्छेदाकडे जाणारा पूल टाचणात नाही. पट्टी झाली, आता नियम, असा उडी मारलेला क्रम आहे.

पट्ट्यांची कृती तरी होईल का? स्वतः एक कागद घेऊन करून पाहिलं की कळतं. पट्टी दोनदा दुमडली की चार भाग, तिसऱ्यांदा दुमडली की आठ. हे पाचवीचं मूल सहज करतं. पण २/३ साठी पट्टीचे तीन सारखे भाग करायचे. घडी पुढे-मागे सरकवत अंदाजाने जुळवावी लागते आणि भाग असमान येतात. वर २/३ आणि ३/४ यांतला फरक फक्त १/१२. घडीची चूकच तेवढी होते. एखाद्या गटाला २/३ मोठा दिसेल आणि त्या गटाची चूक म्हणता येणार नाही. उद्दिष्टाच्या हद्दीतही ही जोडी बसत नाही, कारण ४ ही ३ च्या पटीत नाही. तिच्या जागी ३/४ आणि ५/८ घेतले तर नुसत्या दुमडण्याने काम होतं.

पट्टीची लांबी टाचणात कुठेच नाही. ही किरकोळ राहिलेली नोंद समजू नये. तुलना करायची तर पूर्ण सारखा हवा. एका मुलाने लांब पट्टी घेतली आणि दुसऱ्याने आखूड, तर दोघांचे रंगवलेले भाग शेजारी ठेवून काहीच सिद्ध होत नाही. सर्व पट्ट्या २४ सेंटीमीटरच्या कापून आणायच्या असं लिहायला सांगावं. ए-फोर कागदाच्या लांबीत त्या बसतात आणि २४ ला २, ३, ४, ६, ८, १२ या सगळ्यांनी भाग जातो, म्हणून शंका आली तर मोजपट्टीने मोजूनही पाहता येतं. ३/४ म्हणजे १८ सेंटीमीटर, ५/८ म्हणजे १५. फरक डोळ्यांना दिसतो. हाच पूल पुढे नेतो: चार भागांची पट्टी आणखी एकदा दुमडली की तेच रंगवलेले तीन भाग आता आठपैकी सहा होतात. ३/४ = ६/८ हे मुलाच्या हातात घडतं, मग फळ्यावर लिहिलं की ते नवीन राहत नाही.

सहा जणांचा गट आणि पट्ट्या दोन, म्हणजे घडी घालणारी दोन मुलं आणि बघणारी चार. जोड्या केल्या तर २१ जोड्यांना ४२ पट्ट्या लागतील, प्रत्येकाच्या हातात एक. साधनांच्या रकान्यात ‘कागदाच्या पट्ट्या’ एवढंच लिहिलेलं असेल तर संख्या, माप आणि कोण कापणार हे विचारावं. वर्गात कात्र्या वाटायची वेळ आली की पाठ गेला.

आता त्या नियमाकडे या. ‘ज्याचा छेद मोठा तो अपूर्णांक लहान.’ अंश समान असतील तरच हे खरं. टाचणात ती अट नाही. ७/१० चा छेद ५ पेक्षा मोठा असूनही तो ३/५ पेक्षा मोठा आहे. ही मांडणीतली ढिलाई नाही, आशयाची चूक आहे आणि मुलांच्या डोक्यातल्या दुसऱ्या चुकीच्या विचाराला शिक्षिकेनेच खतपाणी घातल्यासारखं होईल. आशयाची चूक सापडली की बाकी कितीही चांगलं असो, पाठ घ्यायची परवानगी दुरुस्तीनंतरच. गुण देणं आणि परवानगी देणं या दोन वेगळ्या गोष्टी ठेवाव्यात. हस्ताक्षर, फलक लेखनाची आखणी, हेतुकथनाची भाषा यातल्या उणिवा गुणांत दिसल्या तरी पाठ थांबवण्याइतक्या नसतात.

मुलांची अपेक्षित उत्तरंही वाचावीत. बहुतेक टाचणांत ती आदर्श असतात: विद्यार्थी म्हणतात, ‘३/४ मोठा आहे, बाई.’ चुकीचं उत्तर आलं तर बाई काय करणार? महत्त्वाच्या एका प्रश्नापुढे तरी ‘५/८ असे उत्तर आल्यास: दोन्ही पट्ट्या एकाखाली एक ठेवायला सांगणे’ अशी ओळ असेल तर ते टाचण विचार करून लिहिलेलं आहे. दुसऱ्याच्या वहीतून उतरवलेल्या टाचणात अशी ओळ क्वचितच असते. आणि पट ४२ चा असताना साधनांत ३६ कार्डं असतील तर टाचण कुठून आलं ते विचारायला हरकत नाही.

वेळ: बेरीज जुळते म्हणून भागत नाही

वेळ शेवटी बघायची, कारण कृती नीट कळल्याशिवाय त्यांना किती वेळ लागेल हे सांगता येत नाही. या टाचणात ‘विषय विवेचन २० मिनिटे’ हा एकच गोळा आहे. तो फोडून पाहू. सात गट बसवणं आणि पट्ट्या वाटणं, ३ मिनिटं. घड्या आणि रंगवणं, ५. गटात चर्चा, ३. सात गटांचं सादरीकरण, प्रत्येकी दोनच मिनिटं धरली तरी १४. झाली २५ मिनिटं. अजून फळ्यावरचं स्पष्टीकरण आणि दोन उदाहरणं बाकीच आहेत, त्यांना निदान ८ मिनिटं हवीत. म्हणजे वीसच्या जागी तेहतीस. शिवाय तासिका कागदावर ३५ ची असली तरी आधीचे शिक्षक बाहेर पडणं, वह्या काढणं यात दोन-तीन मिनिटं जातात.

मग प्रत्यक्षात काय होतं? प्रस्तावना कधीच कापली जात नाही, कारण ती आधी येते. शेवटी घंटा वाजते आणि संकलन, मूल्यमापन कापलं जातं. म्हणजे वेळेची चूक ही शेवटी मूल्यमापनाचीच चूक ठरते. टाचणात उत्तम चिठ्ठी लिहिलेली असली आणि तिच्या आधीचा वेळ फसवा असला तर ती चिठ्ठी वर्गात कधीच वाटली जाणार नाही. म्हणून वेळेच्या रकान्याला स्वतंत्र गुण कमी ठेवले तरी चालतील, पण तो मूल्यमापनाशी जोडून वाचावा.

उपाय म्हणून एकच सवय लावावी: किती मिनिटं लागतील असं न लिहिता कोणत्या मिनिटापासून कोणत्या मिनिटापर्यंत, असं लिहायचं. सुधारलेल्या पाठाचा वेळ असा बसतो. ० ते ३, पूर्वज्ञानाचे दोन प्रश्न: १/२ बरोबर किती छेद ४, आणि २/७, ५/७ यांत मोठा कोणता. जुन्या मूल्यमापनातला हा प्रश्न इथे शोभतो. ३ ते ४, हेतुकथन. ४ ते १२, जोड्यांत पट्ट्यांची कृती. १२ ते १६, चर्चा, ज्यात सगळे गट न बोलावता वेगवेगळी उत्तरं आलेल्या दोनच जोड्या बोलवायच्या. १६ ते २३, फळ्यावर ३/४ चे ६/८ आणि पुढचं एक उदाहरण मुलांकडून. २३ ते २८, वहीत दोन जोड्या सोडवणं. २८ ते ३३, चिठ्ठी. उरलेली दोन मिनिटं गृहपाठाला आणि सांडलवंडीला.

‘२३व्या मिनिटाला पट्ट्याच चालू असतील तर काय सोडणार?’ हा प्रश्न समासात लिहावा. चांगलं उत्तर म्हणजे फळ्यावरचं दुसरं उदाहरण. चिठ्ठी हे उत्तर आलं तर पुन्हा बसून बोलायला हवं.

प्रस्तावनेबद्दल एक वेगळं मत. प्रस्तावना, विवेचन, संकलन, उपयोजन ही चौकट हर्बार्ट यांच्या परंपरेतून आपल्याकडे आली आणि रुजली. चौकट वाईट नाही. पण पोळीचे सहा प्रश्न विचारून शेवटी ‘तर आज आपण काय शिकणार?’ म्हणायचं, आणि वर्गाने ‘अपूर्णांक’ म्हणायचं, यात पाच मिनिटं घालवण्याइतकं काही नसतं. पूर्वज्ञान तपासलं जात असेल तर तीन मिनिटं द्यावीत. नसेल तर एक वाक्य पुरे.

गुण आणि शेरा

गुणदानाची विभागणी प्रत्येक संस्थेची वेगळी असते. मोकळीक असेल तर २० पैकी उद्दिष्टांना ५, कृतींना ५, वेळेला ३ आणि मूल्यमापनाला ७ ठेवावेत, आणि त्यातही एक अट: मुख्य उद्दिष्टावर एकही प्रश्न नसेल तर मूल्यमापनाला ७ पैकी ३ च्या वर जायचं नाही, प्रश्न कितीही सुबक असले तरी. या टाचणाला उद्दिष्टांचे २ (तिसरी ओळ वापरण्याजोगी), कृतींचे २ (कृतीची कल्पना चांगली, पण जोडी चुकीची आणि नियम सदोष), वेळेचा १, मूल्यमापनाचे २. एकूण ७. खुणा करत तपासलं असतं तर १४ पडले असते. गुणांतली तफावत टाळायची तर दोन मार्गदर्शकांनी एकच टाचण वेगवेगळं तपासून गुण ताडून पाहावेत. फरक बहुतेक मूल्यमापनाच्या रकान्यातच निघतो, कारण एकाने प्रश्नांची संख्या मोजलेली असते आणि दुसऱ्याने मेळ पाहिलेला असतो.

शेरा म्हणून ‘उद्दिष्टे नीट लिहा’, ‘वेळेचे नियोजन सुधारा’ असं लिहिलं तर छात्राध्यापिका क्रियापदं बदलते, मिनिटं इकडची तिकडे करते आणि वही परत आणते. तिला नेमकी जागा दाखवावी लागते. लाल शाईने दहा ठिकाणी लिहिण्यापेक्षा तीनच शेरे पुरतात, पण ते असे:

‘मूल्यमापनातला कोणता प्रश्न उद्दिष्ट ३ तपासतो? त्या प्रश्नाभोवती गोल करा. सापडला नाही तर नवीन लिहा.’

‘७/१० आणि ३/५ घेऊन तुमचा छेदाचा नियम तपासा. नियमात कोणते शब्द वाढवावे लागतील?’

‘सात गटांचे सादरीकरण कोणत्या मिनिटाला संपेल?’

तिन्ही शेऱ्यांत उत्तर दिलेलं नाही, काम दिलेलं आहे. चूक तिला स्वतःला सापडते आणि पुढच्या टाचणात ती तीच तपासणी करू शकते. उद्दिष्टांच्या पहिल्या आणि चौथ्या ओळीबद्दल तोंडी दोन वाक्यं सांगितली तरी चालतात.

दुसऱ्या खेपेला वही आली की पूर्ण टाचण पुन्हा वाचायची गरज नाही. शेऱ्यांच्या तीन जागा आणि त्यांच्यामुळे हललेल्या बाकीच्या जागा बघायच्या. इथेही एक ठरलेली चूक असते. समजा तिने उद्दिष्ट एकच ठेवलं, नियम काढून टाकला, पट्ट्यांना ३/४ आणि ५/८ घेतले, मिनिटं नीट मांडली आणि शेवटी चिठ्ठीही आणली. चिठ्ठीतल्या जोड्या: ३/४ आणि ५/८, ३/५ आणि ७/१०. पहिली जोडी मुलांनी पंचवीस मिनिटांपूर्वी हातात धरलेली आहे, तिचं उत्तर फळ्यावर अजून लिहिलेलं असेल. त्या प्रश्नाने आठवण तपासली जाईल, समच्छेद करणं नाही. तिच्या जागी २/३ आणि ७/१२ सुचवायचं, फळ्याचा तो भाग चिठ्ठीआधी पुसायला सांगायचं आणि पाठाला परवानगी द्यायची.